नव्या शाखेचं पत्रक: तपासण्यांची यादी, वेळा आणि काय लिहू नये

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. चिपळूणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षं तंत्रज्ञ आहे. येत्या दसऱ्याला आमची शृंगारतळीला शाखा सुरू होतेय आणि ती मी सांभाळणार आहे. हेदवी, वेळणेश्वर, पालशेतकडचे बरेच पेशंट आजवर सकाळी उपाशी निघून आमच्याकडे चिपळूणला यायचे. त्यात म्हातारी माणसं जास्त. त्यांचा तो उपाशीपोटीचा प्रवास वाचावा हाच मुख्य हेतू.

पत्रकाचा मजकूर मी लिहिलाय. मॅडमना (आमच्या पॅथॉलॉजिस्ट) दाखवण्याआधी इथे टाकतोय. छापखान्यात परवा द्यायचा आहे. मोकळेपणाने सांगा.

"शृंगारतळीत प्रथमच अत्याधुनिक लॅब! सर्व तपासण्या एकाच छताखाली! १०० टक्के अचूक निदान! हृदयविकार, मधुमेह, कॅन्सर वेळीच ओळखा! डेंग्यू व लेप्टोचे निदान फक्त २० मिनिटांत! रिपोर्ट त्याच दिवशी. वेळ: सकाळी ७ ते रात्री ८, रविवारी सकाळी ७ ते ११. उद्घाटनानिमित्त सर्व तपासण्यांवर ५० टक्के सूट."

त्याखाली ४२ तपासण्यांची यादी आहे, सीबीसीपासून व्हिटॅमिन डीपर्यंत. ती इथे देत नाही, लांबते.

शाईवाला

अभिनंदन! रत्नागिरीत माझा छपाईचा धंदा आहे, रोज असली पत्रकं हातून जातात. उद्गारचिन्हं मोजली, पाच आहेत. ४२ तपासण्या ए-५ कागदावर बसवायच्या तर अक्षर इतकं बारीक होईल की ज्या म्हाताऱ्यांसाठी काढताय त्यांना भिंग लागेल.

अण्णा_निवृत्त

उपक्रम उत्तम. पण दोन गोष्टी ठळक छापा. एक, कुठल्याही रक्ततपासणीला बारा तास उपास हवाच. दोन, एनएबीएलचं चिन्ह. ते नसेल तर लॅब उघडताच येत नाही.

हेदवीची_सून

शृंगारतळीला होतंय हे वाचून इतकं बरं वाटलं! सासूबाईंना महिन्याआड साखर बघायला न्यावं लागतं. पण मला एक सांगा, "सकाळी ७ ते रात्री ८" म्हणजे आम्ही संध्याकाळी पाचला आलो तरी रक्त घेणार? आणि रविवारी अकराला बंद, तर जेवणानंतरचं रक्त कधी? आमच्या वाडीतून पहिल्या एसटीने निघालं तरी तिथे पोचेपर्यंत आठ वाजून जातात.

मागच्या वर्षी एका ठिकाणी (नाव नको) असंच झालं. रविवारी दहाला उपाशीपोटीचं रक्त घेतलं. "आता खाऊन दोन तासांनी या" म्हणाले. आम्ही समोरच्या हॉटेलात इडली खाऊन तिथेच बसून राहिलो आणि सव्वाबाराला गेलो, तर शटर खाली. मोबाईल उचलला नाही. सोमवारी परत उपाशी, परत एसटी. सासूबाई तेव्हापासून रक्त द्यायचं म्हटलं की विषय बदलतात.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पुण्यात. वाशिष्ठीकाठ, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मीही सविस्तर लिहिते.

आधी 'निदान' हा शब्द. तो पत्रकातून पूर्ण काढा. आपण नमुना तपासून आकडा देतो, निदान पेशंटला तपासणारा डॉक्टर करतो. 'हृदयविकार ओळखा' लिहून यादीत लिपिड प्रोफाइल असेल तर वाचणारा काय समजेल? कोलेस्टेरॉल ठीक आलं म्हणजे हृदय ठीक. छातीत दुखत असताना तो घरी बसेल. 'कॅन्सर ओळखा'चं तसंच. तुमच्या यादीत सीए-१२५ आणि पीएसए असणार. दोन्ही कॅन्सर नसतानाही वाढू शकतात आणि असतानाही नॉर्मल येऊ शकतात. तेव्हा तपासणीचं नाव जसं आहे तसंच लिहायचं: 'लिपिड प्रोफाइल', 'पीएसए'. आजाराचं नाव लिहायचंच नाही.

डेंग्यू-लेप्टो तर तुमच्या भागात पावसाळ्यात फारच महत्त्वाचे. कार्ड २० मिनिटांत रेघ दाखवतं हे खरं. पण एनएस-१ तापाच्या पहिल्या काही दिवसांतच सापडतं आणि आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर दिसायला लागतं. लेप्टोचं आयजीएमही पहिले काही दिवस दिसत नाही. तिसऱ्या दिवशी कार्डावर एकच रेघ आली, पत्रकावर '२० मिनिटांत निदान' छापलेलं आहे, मग तो माणूस "लेप्टो नाही" म्हणून पुन्हा भातात चिखलणीला जाईल. 'डेंग्यू एनएस-१ व आयजीएम, लेप्टो आयजीएम (रॅपिड कार्ड)' एवढंच लिहा. किती दिवसांच्या तापात कुठली करायची हे डॉक्टर ठरवतील.

'१०० टक्के अचूक' कुठलीच लॅब म्हणू शकत नाही. प्रत्येक मशीनला, प्रत्येक किटला फरकाची मर्यादा असते, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. रोज सकाळी कंट्रोल लावता ना, ते त्यासाठीच.

अण्णा, उपास सगळ्यांना लागत नाही. सीबीसी, थायरॉईड, एचबीए१सी, क्रिएटिनिन यांना नाही. उपाशीपोटी साखरेला किमान आठ तास. लिपिडला पूर्वी सरसकट बारा तास सांगायचो, आता बरेच डॉक्टर न जेवण्याचा आग्रह धरत नाहीत. ट्रायग्लिसराइड बघायचं असेल तर मात्र उपास सांगतात. म्हणून त्याबाबत डॉक्टरांना विचारून यायला सांगणं बरं.

अण्णा_निवृत्त

मला आमच्या डॉक्टरांनी आयुष्यभर बारा तासच सांगितले. उपास केल्याने नुकसान तर नाही ना?

सूक्ष्मदर्शी

होतं, अण्णा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेला ऐंशीचा माणूस रात्री सातला जेवून सकाळी नऊपर्यंत उपाशी, वर तासभर एसटीत उभा, तर त्याला वाटेतच घाम फुटून चक्कर येते. मी लॅबच्या बाकावर असे पेशंट बघितलेत. गरज नसलेला उपास पत्रकाने लादू नये.

रेवा_के

धागा छान आहे. मला विचारायचं होतं, माझा टीएसएच ७.२ आलाय, गोळी ५० वरून वाढवू का? आणि तपासणीच्या दिवशी गोळी घेऊन जायचं की न घेता?

सूक्ष्मदर्शी

रेवा, डोसचं मी इथे सांगणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाच रिपोर्ट दाखवा. पण दुसरा प्रश्न पत्रकाच्या कामाचा आहे. बरेच डॉक्टर रक्त दिल्यावर गोळी घ्यायला सांगतात. लॅबने मात्र स्वतःहून "गोळी घेऊ नका" छापू नये. लोक ते सगळ्या गोळ्यांना लावतात, रक्तदाबाचीही सोडतात. 'चालू औषधं स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारून या आणि काउंटरवर सांगा' अशी ओळ घाला. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही काउंटरवर सांगा. बऱ्याच मशीनवर त्याने थायरॉईडचे आकडे चुकतात.

रेवा_के

बायोटिन चालू आहे माझं! कोणी विचारलंच नव्हतं. उद्याच डॉक्टरांना फोन करते.

दर्यावर्दी

माझा मुद्दा वेळेचाच आहे, पण वेगळा. पत्रकात लिहा की रक्त तिथेच तपासणार की चिपळूणला नेणार. सगळा घोळ तिथे होतो.

आईचं किडनीचं दुखणं आहे. दोन वर्षांपूर्वी एका कलेक्शन सेंटरवर सकाळी साडेआठला रक्त दिलं. रात्री रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.८. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा. पावसात रात्री गाडी करून रत्नागिरीला नेलं. तिथे परत रक्त घेतलं, ईसीजी काढला. पोटॅशियम ४.४, ईसीजी ठीक. दुसऱ्या दिवशी मी त्या सेंटरवर जाऊन शांतपणे विचारलं. तिथला मुलगा चांगला होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, गाडी संध्याकाळी पाचला येते, तोवर रक्त ताजं राहावं म्हणून मी ट्यूब बर्फाच्या डब्यात ठेवतो.

त्या रात्री गाडीत आईचा हात धरून बसलो होतो ते अजून आठवतं.

वाशिष्ठीकाठ

दर्यावर्दी, वाचून वाईट वाटलं. त्या मुलाला कोणी शिकवलंच नसणार. रक्त न फिरवता ठेवलं की पेशींमधलं पोटॅशियम सीरममध्ये उतरतं आणि थंडीत ते जास्तच उतरतं. रक्त गोठल्यावर, साधारण अर्ध्या तासाने, सेंट्रिफ्यूजला लावून सीरम वेगळं केलं आणि मग थंड ठेवलं तर प्रश्न येत नाही. साखरेचं उलटं होतं. साध्या ट्यूबमध्ये न फिरवता ठेवलं तर पेशी साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्के आकडा उतरतो. म्हणून साखरेला राखाडी टोपणाची, फ्लोराइडची ट्यूब.

शाखेत सेंट्रिफ्यूज घेतलाय, इन्व्हर्टरवर. गाडी मात्र दुपारी एकची एकच ठरली होती. तुमचं वाचून आता मलाच प्रश्न पडलाय. पाचला कोणी आलं तर त्याचं रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी चिपळूणला पोचणार. मग "सकाळी ७ ते रात्री ८" आणि "रिपोर्ट त्याच दिवशी" दोन्ही एका कागदावर कसं लिहू?

सूक्ष्मदर्शी

वाशिष्ठीकाठ, मुळाशी आलात. पत्रकात तीन वेगळ्या वेळा असतात आणि लोक त्या एकत्र करतात: दार उघडं असण्याची, नमुना घेण्याची आणि रिपोर्ट मिळण्याची. तिन्ही वेगळ्या लिहा. नमुन्याची वेळ गाडीवरून ठरवा.

हेदवीच्या ताईंचं उदाहरण घेऊ. गाडी एकला निघते. नमुना गोठायला, फिरवायला आणि डबा भरायला पाऊण तास धरा. म्हणजे शेवटचा नमुना सव्वाबाराला. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी. उपाशीपोटीचं रक्त दिल्यावर खायला मिळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातातच. मागे मोजत या: सव्वाबारा, त्यातून दोन तास गेले सव्वादहा, त्यातून वीस मिनिटं गेली पाच कमी दहा. थोडं हाताशी ठेवून छापा, 'उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर: पहिला नमुना सकाळी ९.३० पर्यंत'. एसटीने आठला पोचणाऱ्या माणसाला हे जमतं. रविवारी अकराला बंद करायचं असेल तर तीच बेरीज ८.१५ वर येते आणि एसटीवाल्याला ते जमणार नाही. मग रविवारी ही तपासणी होणार नाही असं स्पष्ट लिहा, नाहीतर रविवारी एकपर्यंत उघडं ठेवा.

हेदवीची_सून

"पहिल्या घासापासून" हे मला आज कळलं. आम्ही ताट संपल्यापासून मोजत होतो, आणि सासूबाई सावकाश जेवतात!

कायदेपंडित_सांगली

वकील आहे. 'सूट'बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पत्रकावर पॅथॉलॉजिस्टचं नाव असणार. त्या नोंदणीकृत डॉक्टर आहेत, म्हणून भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारनियमावली त्यांना लागते. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी आली होती, ती त्याच महिन्यात स्थगित झाली, तेव्हा जुनीच धरून चाला.) त्यात डॉक्टरने जाहिरात करून पेशंट ओढण्याला मनाई आहे, पण व्यवसाय सुरू करणं, पत्ता बदलणं अशा गोष्टींचं औपचारिक निवेदन करायला परवानगी आहे, आणि दर जाहीर करायलाही. म्हणजे 'अमुक दिवसापासून अमुक ठिकाणी शाखा सुरू होत आहे, या तपासण्या, हे दर, या वेळा' हे बसतं. 'प्रथमच', 'अत्याधुनिक', '५० टक्के सूट' ही जाहिरात झाली. शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं लॅबलाही लागतात. '१०० टक्के अचूक' सिद्ध करायची वेळ आली तर काय दाखवाल?

आणि अण्णा, एनएबीएल ऐच्छिक आहे. लॅब उघडायला ते लागत नाही.

अण्णा_निवृत्त

मग आमच्या नातवाच्या लॅबच्या दारावर इतकं मोठं चिन्ह का लावलंय? असो, मी नातवालाच विचारतो.

सूक्ष्मदर्शी

चिन्ह ज्यांना मान्यता मिळाली ते लावतात आणि ती मेहनतीची गोष्ट आहे, अण्णा. पण ती मान्यता त्या जागेला आणि ठरलेल्या तपासण्यांनाच असते. चिपळूणच्या लॅबला ती असली तरी शृंगारतळीच्या पत्रकावर चिन्ह आपोआप येत नाही. शाखा संकलन केंद्र म्हणून त्यांच्याकडे नोंदलेली आहे का आणि यादीतल्या कुठल्या तपासण्या मान्यतेत आहेत हे आधी बघावं लागतं.

आता एक अवघड प्रश्न विचारते. शाखेत सीबीसीचं मशीन ठेवणार आहात का? ठेवणार असाल तर सही कोण करणार?

वाशिष्ठीकाठ

मशीन घ्यायचं ठरलं होतं, थ्री पार्ट. सीबीसी, साखर, लघवी रूटीन, मलेरिया आणि रॅपिड कार्ड शाखेतच करून लगेच द्यायचे. मॅडम मंगळवारी आणि शनिवारी येणार. बाकी दिवशी त्यांची सही संगणकातून.

सूक्ष्मदर्शी

बाकी दिवशीचा रिपोर्ट त्या बघून सोडणार की सही आपोआप लागणार?

१२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लॅबचा रिपोर्ट पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीनेच जावा. तुम्ही अकरा वर्षं काम केलंय, तुमचा हात माझ्यापेक्षा साफ असेल. तरीही प्लेटलेट ३५ हजार दाखवल्या तर स्लाइड बघून त्या खरंच कमी आहेत की गुच्छ झालेत हे ठरवून रिपोर्टवर सही करायची जबाबदारी डॉक्टरची आहे. डेंग्यूच्या हंगामात त्या एका आकड्यावर घरदार धावतं.

खाडीपल्याड

इथे मी थोडा वेगळं म्हणेन. मीही डीएमएलटी आहे, दापोलीकडे वीस वर्षं. पॅथॉलॉजिस्ट प्रत्येक खेड्यात बसू शकत नाही. आकडे आणि स्लाइडचा फोटो पाठवून त्या चिपळुणात बसून बघून सही करत असतील तर त्यात वाईट काय? नाहीतर रात्री ताप आलेल्या पोराला सीबीसीसाठी तासभर प्रवास.

सूक्ष्मदर्शी

खरंच बघून केली तर माझी हरकत कमी होते. पण जागेवर हजर नसताना सही हा आमच्या संघटनांमध्येही वादाचा विषय आहे, आणि मी तुम्हाला "चालेल" असं लिहून देणार नाही. निदान पत्रकात खोटं चित्र नको. 'सर्व तपासण्या एकाच छताखाली' लिहिलंत आणि निम्मे नमुने गाडीने जात असतील तर ते खरं नाही.

मुलुंडचा_चाकरमानी

मी पालशेतचा, मुंबईत असतो. बाबांचे रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर हवे असतात. तेही पत्रकात लिहा. आणि "फुल बॉडी चेकअप" पॅकेज ठेवा ना, गणपतीत आलो की सगळ्यांचं एकदम करून टाकतो.

सूक्ष्मदर्शी

पॅकेजचं नाव बदला एवढीच विनंती. रक्त-लघवीत अख्खं शरीर येत नाही. 'रक्त-लघवी तपासणी संच' म्हणा आणि त्यात काय आहे ते लिहा.

शाईवाला

"संच" म्हटल्यावर गिऱ्हाईक येत नाही, ताई. तीस वर्षांचा अनुभव सांगतो. "फुल बॉडी" लिहिलेली पत्रकं लोक घडी घालून खिशात ठेवतात.

दर्यावर्दी

आणि सगळं नॉर्मल आलं की वर्षभर डॉक्टरकडे जात नाहीत. माझ्या काकांनी तेच केलं.

वाशिष्ठीकाठ

पॅकेजवर मॅडमशी बोलतो, माझं मत अजून ठरत नाहीये.

बाकी काल रात्री मॅडमना हा सगळा धागा वाचून दाखवला. दोन तास बोललो. सीबीसीचं मशीन आत्ता घ्यायचं नाही. सुरुवातीला शृंगारतळी नमुना संकलन केंद्र राहील. मॅडम असतील त्या मंगळवारी-शनिवारी लघवी रूटीन, मलेरियाची स्लाइड आणि रॅपिड कार्ड तिथेच होतील. गाड्या दोन केल्या, साडेदहा आणि एक. सकाळी लवकर दिलेलं सीबीसी साडेअकरा-बारापर्यंत चिपळुणात लागेल. संध्याकाळी नमुने घ्यायचे नाहीत, फक्त रिपोर्ट द्यायला उघडं. ४२ ची यादी १८ वर आणली, बाकीच्यांसाठी फोन नंबर. वीर्यतपासणी काढली, तो नमुना तासाभरात तपासायला लागायला हवा आणि रस्त्यातच तास जातो. नवा मजकूर असा:

"दसऱ्यापासून शृंगारतळी येथे आमचे नमुना संकलन केंद्र सुरू होत आहे.

नमुना देण्याची वेळ: सोमवार ते शनिवार सकाळी ७ ते १२.१५. रविवारी सकाळी ७ ते १०. रिपोर्ट घेण्यासाठी सोमवार ते शनिवार संध्याकाळी ५ ते ७.३० केंद्र उघडे राहील.

उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर: पहिला नमुना सकाळी ९.३० पर्यंत द्यावा. दुसरा नमुना पहिल्या घासापासून दोन तासांनी. रविवारी ही तपासणी होणार नाही.

नमुने चिपळूण येथील लॅबमध्ये तपासले जातात. मंगळवारी व शनिवारी लघवी रूटीन, मलेरिया व रॅपिड कार्ड तपासण्या येथेच होतील.

सकाळी १० पर्यंत दिलेल्या नमुन्यांचे रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी: सीबीसी, साखर, एचबीए१सी, क्रिएटिनिन, युरिया, सोडियम-पोटॅशियम, यकृत तपासणी संच, लिपिड प्रोफाइल, लघवी रूटीन, मलेरिया, डेंग्यू एनएस-१ व आयजीएम, लेप्टो आयजीएम, रक्तगट. दुसऱ्या दिवशी: टीएसएच, पीएसए, व्हिटॅमिन बी-१२ व डी. लघवी कल्चर: दोन ते तीन दिवस. रविवारच्या नमुन्यांचे रिपोर्ट सोमवारी.

उपास आवश्यक आहे का ते आपल्या डॉक्टरांना विचारून यावे. चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत, काउंटरवर सांगावीत. रिपोर्ट आपल्या डॉक्टरांना दाखवावा."

खाली मॅडमचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, फोन आणि दर. सूट काढली.

सूक्ष्मदर्शी

मन भरून आलं. एकच भर. लघवी कल्चरचा नमुना घरून आणायचा असेल तर निर्जंतुक डबी केंद्रातूनच आधी न्यायची आणि दोन तासांत आणून द्यायची, हे लिहा. लोक जॅमची धुतलेली बाटली आणतात. तुमच्याकडे आल्यावर तो फ्रीजमध्ये राहू शकतो, रक्तासारखं नाही त्याचं.

कायदेपंडित_सांगली

हे निवेदन आहे, जाहिरात नाही. उत्तम. जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी शाखेच्या नावाने वेगळी काढली का? सुया आणि ट्यूब तिथे गोळा होणार. चिपळूणच्या परवानगीत ती जागा येत नाही.

वाशिष्ठीकाठ

अर्ज केलाय, कचरा नेणाऱ्या गाडीवाल्यांशी करार व्हायचाय. बरं झालं आठवण केलीत. ते झाल्याशिवाय दार उघडणार नाही, दसरा हुकला तरी चालेल.

खाडीपल्याड

सीबीसी मशीनवर मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. ऑगस्टमध्ये तापाचे पेशंट वाढले की हा धागा परत वर काढीन.

शाईवाला

आता मजकूर ए-५ वर १४ पॉइंटात छान बसतो. वेळांची चौकट वर घेतो आणि साखरेची ओळ जाड ठशात. पिवळा कागद नको, पावसात भिजला की शाई पसरते. पांढरा, जरा जाड.

हेदवीची_सून

मला पंचवीस प्रती ठेवा. वाडीतल्या देवळाच्या पडवीत, रेशन दुकानात आणि एसटी थांब्यावर मी स्वतः लावते. सासूबाईंना वाचून दाखवलं. साडेनवाचं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हणजे पहिल्या एसटीने गेलं तर चालेल ना?"

वाशिष्ठीकाठ

चालेल. मंगळवारी आणलंत तर मॅडमही भेटतील. आणि रक्त दिल्यावर लगेच खायला घरून डबा आणा, पहिल्या घासाची वेळ मी ट्यूबच्या लेबलवर लिहून घेईन.